शून्य किलोमीटरचे दोन महिने

आमच्या घरात आठवण ठेवण्याचे काम पूर्वी आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होते. गॅसचा सिलिंडर कधी लावला, दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातले, हे सारे ती तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत असे. जुनी कॅलेंडरे ती फेकत नसे. गुंडाळी करून कपाटामागे ठेवी. एम.एस्सी. पूर्ण करून मी रत्नागिरीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा त्या गुंडाळ्या उघडून मी चार वर्षांच्या नोंदी संगणकात उतरवल्या. मला वाटले होते की दोन रविवार पुरतील. सहा लागले. पण त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध झाली. आमच्या घरातली बहुतेक यंत्रे अचानक बिघडत नव्हती. ती आधी महिनोन्‌महिने मागणी करत होती आणि आम्ही ऐकत नव्हतो.

म्हणून मी देखभालीचे वेळापत्रक तयार केले. प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक कामाला एक ओळ. शेवटचे केव्हा केले, पुन्हा किती काळाने करायचे, आणि या दोन्हींवरून आपोआप निघणारी पुढची तारीख. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक आणि आदल्या दिवशी एक, अशा दोन सूचना आई, बाबा आणि मी, तिघांच्या फोनवर वाजत.

वेळापत्रकातले आकडे मी माहितीपुस्तिकांतून डोळे मिटून उचलले नव्हते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे उदाहरण घेते. बाहेरच्या गाळणीची कँडल सहा महिन्यांनी बदला, असे पुस्तिका सांगते. परंतु आमच्या विहिरीत पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती उतरते. एक लिटरचे भांडे भरायला किती मिनिटे लागतात, ते मी दर रविवारी मोजले. सातव्या आठवड्यात वेळ दुप्पट झाला. मग पावसाळ्यापुरती मुदत सात आठवड्यांची केली. डीप फ्रीझरमध्ये आई उरलेली सुरमई आणि कोळंबी ठेवते. तिथे मी तारीख दिलीच नाही. आतला बर्फ बोटाच्या पेराइतका जाड झाला की फ्रीझर बंद करून वितळवायचा, एवढा नियम केला आणि जाडी बघण्यासाठी पंधरवड्याची सूचना लावली. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचली आणि पाच वर्षे उलटून गेलेली आढळली तेव्हा आई पहिल्यांदा माझ्या बाजूने झाली.

"हे बरं केलंस गो," ती म्हणाली. "मी रोज त्या नळीसमोर उभी, आणि मला मेलीला तारीख दिसली नाय."

आता बाबांची गाडी. त्यांचा छोटा मालवाहू टेम्पो आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवरून बर्फात भरलेले माशांचे क्रेट घ्यायचे, हातखंब्याला महामार्ग गाठायचा आणि लांज्याच्या व्यापाऱ्याकडे पोहोचवायचे, ही त्यांची रोजची फेरी. परतीच्या वाटेवर मिळेल ते भाडे. आमचे घर या फेरीवर चालते, माझे शिक्षणही तिच्यावरच झाले. त्यामुळे टेम्पोच्या ओळी मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिल्या. ऑईल आणि ऑईल फिल्टर दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ग्रीसिंग पाच हजारांनी. हवेचा फिल्टर, पट्टा, ब्रेकची तपासणी. शिवाय विमा, पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्र यांच्या मुदती.

इथे मी एक सोपेपणा स्वीकारला. हंगामात टेम्पो दिवसाला शंभरेक किलोमीटर धावतो. दहा हजार किलोमीटर वर्षाच्या पुष्कळ आधी पूर्ण होतात. म्हणजे "जे आधी होईल ते" यातले आधी होणारे नेहमी किलोमीटरच. दुसरी अट निरुपयोगी म्हणून मी ती गाळली. उरलेले किलोमीटर भागिले गेल्या तीस दिवसांतली रोजची सरासरी, एवढ्यावर पुढची तारीख काढू लागले. बाबा रोज संध्याकाळी मीटरचा आकडा फोनवर पाठवत. त्यांचा आकडा आला की तारखा किंचित पुढेमागे सरकत. मला ते पाहणे आवडे.

एप्रिलमध्ये आमचा एक छोटा खटका उडाला. बाबांनी हातखंब्याच्या मेकॅनिककडे थांबून हवेचा फिल्टर बदलून घेतला होता. मुदतीला अजून अवकाश होता.

"बाबा, सूचना आली नव्हती ना?"

"धूळ किती रस्त्यावर. चौपदरीकरणाची. म्हटलं बदलू."

"मग नोंद करायला हवी होती. यादीबाहेर काही करू नका. नोंदी बिघडल्या की सगळा हिशेब बिघडतो."

"बरं साहेब," बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघरातून हसली. मी हसले नाही. मला तो प्रश्न शिस्तीचा वाटत होता.

मे संपता संपता मासेमारीची बंदी लागते. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. नाखवे होड्या वर ओढतात, झावळ्यांनी आणि ताडपत्रीने शाकारतात. मासे नाहीत म्हणून बाबांची फेरीही नाही. शेवटची फेरी करून बाबा परतले त्या दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत फोन केला.

"बाय, आज गाडीचं काय करायचं?"

मी वेळापत्रक उघडले. ऑईलला तीन हजार किलोमीटर शिल्लक होते, ग्रीसिंग नुकतेच झालेले. "काही नाही. सगळं ऑगस्टनंतर."

"काय नाय?"

"काहीच नाही, बाबा."

ते क्षणभर थांबले आणि "ठीक" म्हणाले. तो थांबलेला क्षण मला ऐकू आला होता. पण समोर नमुन्यांची रांग लागलेली होती, आणि तो क्षण कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता.

जूनच्या अखेरीस वेळापत्रकाने माझ्याकडे तक्रार केली. टेम्पोच्या सगळ्या ओळींत तारखेच्या जागी त्रुटीची खूण दिसू लागली. कारण उघड होते. गेल्या तीस दिवसांची सरासरी शून्य झाली होती आणि शून्याने भागता येत नाही. मी सूत्रात एक तुकडा जोडला: त्रुटी आल्यास चौकोन रिकामा दाखवावा. पडदा स्वच्छ झाला. आज मागे वळून पाहताना मला या कृतीची सर्वाधिक लाज वाटते. गणित मला स्पष्ट सांगत होते की या गृहीतकावर तू इथून पुढे काहीही काढू शकत नाहीस. मी त्याला गप्प बसवले.

कागदपत्रांच्या ओळी मात्र तारखेवर चालत असल्यामुळे शाबूत होत्या. योग्यता प्रमाणपत्राची सूचना वेळेवर वाजली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली तपासणीची वेळ मी ऑनलाइन घेतली. बंदी उठण्याच्या चार दिवस आधीची. बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी जेटीवर जो टेम्पो उभा असेल त्याला लांज्याचे व्यापारी फेरी लावून देतात आणि मग हंगामभर सहसा बदलत नाहीत. बाबा सात वर्षे पहिल्या दिवशी उभे होते. प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर माल नेता येत नाही. म्हणून ती तपासणी पार पडणे अत्यावश्यक होते.

तपासणीच्या तीन दिवस आधी, पाऊस जरा ओसरलेला पाहून बाबा गाडी धुण्यासाठी अंगणात उतरले. ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. काहीही झाले नाही. बॅटरी पूर्ण उतरली होती. शेजारच्या रिक्षाची बॅटरी तारांनी जोडून इंजिन सुरू केले. बाबांनी हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला. टेम्पोने पुढे झेप घेतल्यासारखे केले, मागचा भाग खाली बसला आणि इंजिन बंद पडले. रिव्हर्सलाही तेच. मागची चाके जागची हलली नाहीत.

मी व्हरांड्यातून पाहत होते. बाबांनी इंजिन पुन्हा सुरू केले नाही. खाली उतरले, चाकापाशी उकिडवे बसले आणि ब्रेकच्या ड्रमवरून बोट फिरवून माझ्याकडे वर धरले. बोट गंजाने तांबडे झाले होते.

"ब्रेकनं धरलान," ते म्हणाले.

"तुम्ही हँडब्रेक लावून ठेवलात?"

"उतारावर गाडी. यादीत दुसरं काय नव्हतं."

"दरवर्षी काय करता?"

"दरवर्षी शाकारतो ना मी तिला." ते अशा स्वरात म्हणाले, जणू ही गोष्ट गावातल्या कुणालाही ठाऊक असायला हवी. "शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यानं खालून धुवायची, माशाचं खारट पाणी सगळं निघेपर्यंत. स्प्रिंगच्या पाट्यांना जुनं ऑईल. बॅटरीची एक तार काढायची. चाकांना लाकडं लावायची आणि हँडब्रेक मोकळा. आठवड्यानं एकदा तार लावून चालू करायची, दोन हात पुढं-मागं घ्यायची. होडी करतात तसंच."

"मग मला मे महिन्यात का नाही सांगितलंत? मी सगळी कामं विचारली होती!"

"तू सर्व्हिसिंग विचारलंस. हे कुठं सर्व्हिसिंग? हे शाकारणं." त्यांनी हात पुसला. "आणि त्या दिवशी विचारलं मी तुला. काय नाय म्हणालीस. फोन वाजला नाय, मी हात लावला नाय."

आई दाराशी आली होती. "दोघांनी मिळून गाडीला दोन महिने उपास घडवलात," ती म्हणाली. "आता बोलत बसू नका. मेकॅनिकला बोलवा."

मला सफाई द्यायची होती. पण सात वर्षे एकदाही न चुकलेला माणूस या वर्षी केवळ माझ्या शब्दाला मान देऊन थांबला होता, आणि यावर कुठलीही सफाई टिकण्यासारखी नव्हती. मी प्रयोगशाळेत दोन दिवसांची रजा टाकली.

हातखंब्याचा मेकॅनिक दुचाकीवर हत्यारांची पिशवी घेऊन दुपारी आला. गाडी त्याच्याकडे जाऊ शकत नसल्याने तो गाडीकडे आला, आणि त्याने ते आल्या आल्या ऐकवले. "काका, दरवर्षी तुमची गाडी नवरीसारखी ठेवता. यंदा काय झालं?"

"यंदा कॉम्प्युटरवर चालवली," बाबा म्हणाले.

त्याने हँडब्रेकची केबल सैल केली, मागून ब्रेकचे ॲडजस्टर उलटे फिरवले आणि ड्रमवर कडेकडेने हातोडीने ठोकत राहिला. मग ड्रमच्या तोंडावरच्या दोन आटे पाडलेल्या भोकांत बोल्ट बसवून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले. मोठा कडकडाट झाला आणि ड्रम सुटला. आतले दृश्य पाहून तो नुसता "अरे वा" म्हणाला. ब्रेकच्या एका शूवरचे, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्टीवरचे, लायनर शूवरून उखडून ड्रमलाच चिकटून आले होते. उरलेल्या ठिकाणी गंजाची पूड. खारे पाणी, दमट हवा, लोखंड आणि स्थिर दाब. अभिक्रियेला आवश्यक ते सर्व मी स्वतःच्या हाताने उपलब्ध करून दिले होते, वेळ धरून.

परंतु ड्रमच्या आत आणखी काही होते. मेकॅनिकने चाकाच्या ब्रेक सिलिंडरवरची रबरी टोपी उचलली. खाली ओल होती.

"हे गळतंय. आणि हे यंदाचं नाय. ब्रेक ऑईल कधी बदललंत, काका?"

बाबा आठवू लागले. "टाकतो ना. कमी झालं की टाकतो."

"टाकता. बदललं कधी?"

मी फोनवर यादी चाळू लागले. मेकॅनिकने बॉनेट उघडून टाकीतले थोडे ब्रेक ऑईल काचेच्या बाटलीत काढले. फिकट पिवळे असायला हवे ते कोऱ्या चहासारखे झाले होते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते, पाणी मिसळत गेले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि उतारावर सलग ब्रेक दाबला तर आत वाफ होऊन पेडल पोकळ जाते. हे मी परीक्षेत लिहिले असते. गाडी धावो अथवा न धावो, ते दोन वर्षांनी बदलायचे असते. पुस्तिकेत तसे छापले आहे. किलोमीटर नाहीत म्हणून ती ओळ माझ्या यादीतच आली नव्हती. बाबांच्या शाकारण्यातही ती कधीच नव्हती. लांज्याच्या वाटेवरचे सगळे उतार ते त्या ऑईलवर उतरत होते.

"म्हणजे गाडी अडली ते बरं झालं म्हणायचं," आई म्हणाली.

"बरं कसलं," बाबा म्हणाले. पण बाटलीकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

त्याच वेळी बाबांचा फोन वाजला. लांज्याचे शेठ, बाबांचा माल घेणारे व्यापारी. बाबांनी स्पीकर लावला, कारण हात काळे होते.

"यंदा आहात ना पहिल्या दिवशी?"

मी बाबांना हाताने खूण केली: हो म्हणा. बाबांनी नकारार्थी मान हलवली. "शेठ, गाडी खोललेली हाय. ब्रेक. होईल बहुतेक. पण नक्की उद्या संध्याकाळी सांगतो."

शेठ लगेच म्हणाले, "मला बर्फाचा माल आहे. बहुतेकवर नाही सोडता येत. मी दुसऱ्या एकाला सांगून ठेवतो."

फोन बंद झाला. मी म्हणाले, "हो म्हणायला काय हरकत होती?"

"आणि नाय झाली तर? मासा थांबतो काय तुझ्या तारखेला?"

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून बसले. मला पश्चात्तापात वेळ घालवायचा नव्हता. तीन दिवस होते आणि कामे मोजकी होती. शू आणि सिलिंडरचे रबर रत्नागिरीच्या बाजारात सकाळी उघडणाऱ्या पहिल्या दुकानातून. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. दोन्ही मागची चाके उद्या दुपारपर्यंत. पुढचे ब्रेकही उघडून बघायचे. मग संपूर्ण ब्रेक ऑईल बदल. परवा सकाळी रिकाम्या गाडीने चाचणी, दुपारी राखीव वेळ, आणि त्यानंतरच्या दिवशी तपासणी. बाबा शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होते. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिले: लाइट, वायपर, मागची लाल पट्टी बघणे. खाऱ्या हवेने परावर्तक पट्टीचे कोपरे सुटले होते. ते मी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकने मला चालकाच्या जागेवर बसवले. नवे ऑईल भरून नळ्यांतले जुने ऑईल आणि हवा बाहेर काढायची असते. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची; एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा नळ, उघडायचे.

"ताई, दाबा. दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाय हां, नायतर हवा आत घेईल."

पेडल पायाखाली सावकाश खाली बसे, मग निपल बंद झाल्याचा आवाज, मग "सोडा". बाबा टाकीपाशी उभे राहून पातळी खाली जाऊ देत नव्हते. चारही चाके होईपर्यंत माझी पोटरी भरून आली. पण शेवटी पेडल पायाखाली घट्ट उभे राहिले, आणि तो घट्टपणा मला कुठल्याही आकड्यापेक्षा अधिक खात्रीचा वाटला. संध्याकाळी बाबांनी शेठना फोन करून गाडी तयार असल्याचे कळवले. शेठ म्हणाले, दुसऱ्याला शब्द दिला आहे. तरी या, बघू.

चाचणीसाठी आम्ही आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. तिथल्या उतारावर बाबांनी चार वेळा थांबून पाहिले. तपासणीत निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर, पट्टी, धूर सारे पाहिले, ब्रेक दोनदा मारायला लावले आणि पुढच्या गाडीकडे वळले. प्रमाणपत्र मिळाले.

मधल्या दिवसांत मी वेळापत्रकाची रचना बदलली. प्रत्येक ओळीत आता दोन मुदती आहेत, धावण्याची आणि काळाची, आणि जी आधी येईल ती मोजली जाते. त्रुटी झाकणारा तुकडा मी काढून टाकला. चौकोन लाल होतो आणि कारण लिहिल्याशिवाय लाल राहतो. तिसऱ्या प्रकारच्या ओळी नव्याने घातल्या, ज्यांना तारीखही नाही आणि किलोमीटरही नाहीत: सलग सात दिवस मीटर हलला नाही, तर. त्याखाली शाकारण्याची सगळी कामे बाबांच्या शब्दांत. तोच विचार मी घरालाही लावला. पावसाळ्यात झाडांना पाणी द्यायचा वेगळा पंप आठवडेच्या आठवडे बंद असतो. तो न वापरताच जाम होतो. आईने ती ओळ वाचली आणि लगेच म्हणाली, "मग मिक्सरला कशाला सोडतेस? आणि तुझ्या बाबांना?"

बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी मी बाबांसोबत लांज्याला गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा दुसरा टेम्पो आधीच माल उतरवत होता. शेठ बाहेर आले, आमचे क्रेट उघडून बर्फ चाचपला आणि बाबांना म्हणाले, "एक दिवस तुम्ही, एक दिवस तो. महिनाभर बघतो."

"बघा," बाबा म्हणाले.

अर्धा हंगाम गमावल्यासारखे मला वाटले. परतीच्या वाटेवर मी ते बोलूनही दाखवले. बाबा गिअर बदलत म्हणाले, "फेरी गेली नाय. फेरी अर्धी हाय. अर्ध्यातून काय करायचं ते तू सांग."

मी सांगितले. ज्या दिवशी आपली पाळी नाही तो दिवस देखभालीचा: धुणे, ग्रीसिंग, टायरची हवा, बॅटरी. आपल्या पाळीच्या दिवशी कोणतेही काम शिल्लक राहता कामा नये. महिनाभर आम्ही ते अक्षरशः पाळले. बाबांनी काम केले की लिहून पाठवले. दोनदा त्यांनी यादीबाहेरचे काही केले. दोन्ही वेळा मी नवी ओळ घातली आणि काही बोलले नाही.

आमची एकही पाळी चुकली नाही. दुसरा टेम्पो दोनदा वाटेत अडकला, दोन्ही वेळा हातखंब्याच्या पुढे, आणि दोन्ही वेळा शेठनी बाबांना फोन केला. महिना संपल्यावर ते आमच्या घरी आले, आईच्या हातचे माशाचे तिखले खाल्ले आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, "उद्यापासून रोज या. पण ब्रेकचं काम निघालं तर आधी सांगायचं. मागे सांगितलंत तसं."

"सांगणार," बाबा म्हणाले.